निष्क्रिय पॅन पुन्हा सुरू करताना: आधी नाव जुळवा, मग हजार रुपये भरा

प्रश्न: आईचं वय ६६. तिच्या एफडीच्या व्याजावर बँकेनं या वर्षी जून, सप्टेंबर आणि डिसेंबर अशा तिन्ही तिमाहींना ७,००० रुपये टीडीएस कापला. १५एच दिला तर घेतला नाही. आधारला जोडलेलं नाही म्हणून पॅन इनऑपरेटिव्ह झालंय, असं सांगतात. पॅनवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. १,००० रुपये भरले की चालू होईल का? की सरळ नवीन पॅन काढू? कापलेले पैसे मिळतील का? आणि भाऊ दुबईला असतो, त्याचंही पॅन तसंच दाखवतंय, त्याचं काय करायचं? (जानेवारी २०२६)

उत्तर:

नुसते हजार भरून काही होणार नाही, आणि नवीन पॅन तर अजिबात काढू नका. आधी पॅनवरचं नाव आधारशी जुळवून घ्या, मग शुल्क भरा, मग जोडणीची विनंती पाठवा. त्यानंतर पॅन चालू व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. कापलेले पैसे बुडालेले नाहीत, ते विवरणपत्र भरून परत मागता येतात.

बँकेच्या काउंटरवर ‘पॅन बंद झालंय’ असं सांगतात आणि लोक घाबरतात, म्हणून आधी हे नेमकं काय आहे ते बघू. १ जुलै २०१७ ला ज्यांच्याकडे पॅन होतं त्यांनी ते आधारला जोडायचं, असं आयकर कायद्याचं कलम १३९एए सांगतं. मुदती वाढत वाढत शेवटची ३० जून २०२३ ठरली आणि १ जुलै २०२३ पासून न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली. निष्क्रिय म्हणजे रद्द नव्हे. आईचा दहा अक्षरी क्रमांक तिच्याच नावावर आहे, तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही, आणि त्याच क्रमांकावर आजही विवरणपत्र भरता येतं. फरक पडतो तो तीन बाबतींत: परतावा अडून राहतो, पॅन जितका काळ निष्क्रिय होतं तितक्या काळाचं परताव्यावरचं व्याज मिळत नाही, आणि टीडीएस-टीसीएस चढ्या दरानं कापला जातो. तुमच्या घरी आत्ता जाणवतंय ते तिसरं.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हिशोब सरळ लागतो. तिमाहीला ७,००० कापले आणि दर २० टक्के, म्हणजे तिमाहीचं व्याज ३५,००० आणि वर्षाचं १,४०,०००. ज्येष्ठ नागरिकांना एका बँकेतल्या व्याजावर वर्षाला १,००,००० रुपयांपर्यंत टीडीएस लागत नाही. आईचं व्याज त्याच्या वर जातं, म्हणून पॅन चालू असतं तरी १० टक्के, म्हणजे तिमाहीला ३,५०० कापले गेले असते. पण तिच्यावर कर बसतच नसेल तर १५एच देऊन तेही शून्यावर आणता आलं असतं. पॅन निष्क्रिय असलं की कायदा ते दिलंच नाही असं समजतो. त्यामुळे कलम २०६एए नुसार २० टक्के लागतात, आणि वैध पॅनशिवाय दिलेला १५एच ग्राह्य धरता येत नाही. तेव्हा बँकेतल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यानं कमी कापला असता तर फरकाची मागणी बँकेच्या अंगावर आली असती.

आता मुख्य गोष्ट, नाव. जोडणीच्या वेळी आयकर खातं पॅनवरची माहिती आधारच्या नोंदीशी ताडून बघतं. नाव, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टी बघितल्या जातात. पत्ता, फोटो, वडिलांचं नाव यांचा इथे संबंध नाही. एखाद्या अक्षराचा फरक कधी चालून जातो, पण माहेरचं नाव आणि सासरचं नाव यात मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. पॅनवर ‘सुनंदा विष्णू कुलकर्णी’ आणि आधारवर ‘सुनंदा रमेश देशपांडे’ असेल, तर संगणकाच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या बायका आहेत. आपल्याकडे बापाचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घालायची पद्धत असल्यामुळे ही अडचण मराठी घरांत फार येते. त्यातून १९९० च्या दशकात काढलेलं पॅन लग्नाआधीच्या कागदांवर आणि आधार सासरच्या रेशनकार्डावर, असं असलं की हमखास.

मग बदलायचं कोणतं, पॅन की आधार? मी आधी बँकेचं पासबुक मागतो. आईच्या एफडी, बचत खातं, निवृत्तिवेतन, सातबारा, घरपट्टी हे सगळं सासरच्या नावावर असेल तर आधार तसंच ठेवा आणि पॅन दुरुस्त करा. त्याला आणखी एक कारण आहे. परतावा ज्या खात्यात जमा होतो ते आयकर पोर्टलवर आधी पडताळून घ्यावं लागतं, आणि त्यात बँकेतलं नाव पॅनवरच्या नावाशी ताडलं जातं. म्हणजे आधार माहेरच्या नावावर नेऊन जोडणी साधली तरी पुढे परताव्याच्या वेळी बँकेशी नाव जुळणार नाही. शिवाय आधारमध्ये नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. ती संधी उगाच खर्चू नये.

पॅनमधला बदल प्रोटीन किंवा यूटीआयआयटीएसएल यांच्यापैकी कुणाच्याही संकेतस्थळावरून किंवा गावातल्या पॅन केंद्रावरून करता येतो. प्रोटीन म्हणजे पूर्वीची एनएसडीएल. अर्ज नवीन पॅनचा नाही, जुन्या पॅनमधल्या दुरुस्तीचा घ्या. ही चूक केंद्रावरचा मुलगाही करतो, म्हणून पैसे देण्याआधी अर्जाचं शीर्षक स्वतः वाचा. दुरुस्तीच्या अर्जात प्रत्येक रकान्याच्या डावीकडे एक चौकोन असतो. जे बदलायचं त्याच चौकोनात खूण करा. सगळ्या चौकोनांवर खुणा केल्या तर सगळ्याचे पुरावे मागतात. क्रमांक तोच राहतो, कार्ड नव्या नावाचं येतं.

लग्नामुळे नाव बदललं याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला चालतो. साठ-पासष्टीच्या पुढच्या पिढीत अनेकांनी लग्नाची नोंदणीच केलेली नसते. तेव्हा राजपत्रात नाव बदलल्याची प्रसिद्धी, पतीचं नाव असलेला पासपोर्ट, किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला चालतो. मान्य कागदांच्या यादीत लग्नपत्रिकासुद्धा आहे. ट्रंकेत पिवळी पडलेली पत्रिका असेल तर बाहेर काढा, पण तिच्यावर वधूचं नाव नीट वाचता आलं पाहिजे. एक गोष्ट मात्र आठवणीनं पाळा. पॅनच्या अर्जात ‘वडिलांचं नाव’ या रकान्यात लग्नानंतरही वडिलांचंच नाव लिहायचं, पतीचं नाही. तिथे पतीचं नाव घातल्यामुळे अर्ज परत आलेले मी बरेच बघतो.

नावाबरोबर जन्मतारीखही आत्ताच बघून घ्या. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांची शाळेतली तारीख १ जून आहे, कारण मास्तरांनी शाळेत घालताना तीच लिहिली. आधार काढताना मात्र कुणी खरी तारीख सांगितली, कुणी नुसतं वर्ष. आधार कार्डावर फक्त वर्षच छापलं असेल तर चिंता नाही, जोडणीच्या फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळी खूण आहे. पण पॅनवर १ जून आणि आधारवर १४ ऑगस्ट असं असेल तर नावाच्या दुरुस्तीबरोबरच, त्याच अर्जात, तारीखही दुरुस्त करा. दोन वेगळे अर्ज म्हणजे दोनदा थांबणं.

दुरुस्तीला साधारण दोन-तीन आठवडे धरा. कार्ड पोस्टानं हातात पडायची वाट बघायची गरज नाही. www.incometax.gov.in वर मुख्य पानाच्या डाव्या बाजूला Quick Links खाली Verify PAN Status आहे. तिथे पॅन, नवं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक घालून बघा. नाव जुळतंय असं दिसलं की खात्याच्या नोंदीत बदल पोचला. पॅन निष्क्रिय आहे की चालू, हेही तिथेच कळतं. पुढे शेवटी पुन्हा याच पानावर यायचं आहे.

आता हजार रुपये. हे कलम २३४एच खालचं विलंब शुल्क आहे. कराच्या हिशोबात ते वजा होत नाही आणि परतही मिळत नाही. त्याच Quick Links मध्ये Link Aadhaar उघडा, लॉगिन करायची गरज नाही. पॅन आणि आधार क्रमांक घालून Validate दाबा. शुल्क भरलेलं नसल्यामुळे Continue to Pay Through e-Pay Tax असं बटण येईल. पॅन दोनदा आणि मोबाइल क्रमांक घातला की ओटीपी येतो. पुढच्या पानावर Income Tax या चौकटीतलं Proceed निवडा. करनिर्धारण वर्ष चालू आर्थिक वर्षाच्या पुढचं, म्हणजे आत्ता २०२६-२७. भरण्याचा प्रकार Other Receipts (500), आणि त्याखालच्या यादीतून Fee for delay in linking PAN with Aadhaar. हे दोन्ही बरोबर निवडले तर १,००० ही रक्कम आपोआप भरलेली दिसते. ती आपोआप आली नाही आणि तुम्हाला टाइप करावी लागतेय, तर तुम्ही चुकीच्या जागी आहात, मागे या. पुढे नेटबँकिंग, कार्ड, यूपीआय, काहीही चालतं.

चुकून आगाऊ कर किंवा स्वनिर्धारण कर या शीर्षाखाली हजार भरले गेले, तर जोडणीच्या पानाला ते पैसे दिसत नाहीत. ते बुडत नाहीत, कर भरला म्हणून आईच्या नावावर जमा राहतात आणि विवरणपत्रात दाखवता येतात. पोर्टलवर चलन दुरुस्तीची सोयही आहे, पण तिची मुदत थोडी असते. कळल्या कळल्याच करा.

पैसे भरले की लोक पोर्टल बंद करतात, आणि सगळ्यात जास्त पॅन इथेच अडकून राहिलेली आहेत. चलनाची पावती हातात, मोबाइलवर बँकेचा मेसेज आलेला. माणसाला वाटतं काम झालं. प्रत्यक्षात तुम्ही फक्त विनंती करण्याचा हक्क विकत घेतलेला असतो. विनंती अजून पाठवलेलीच नसते. २०२३ मध्ये हजार भरलेले आणि आजही निष्क्रिय पॅन घेऊन फिरणारे लोक माझ्याकडे अजूनही येतात. त्यांच्या पॅनला नवं शुल्क लागत नाही, जुनं चलन पोर्टलवर दिसतं, फक्त राहिलेली पायरी पुरी करायची असते. तुमच्या आईच्या वतीनं घरातल्या कुणी आधीच पैसे भरलेत का, हेही एकदा विचारा. Link Aadhaar मध्ये क्रमांक घातल्यावर पैसे मागितलेच नाहीत, तर कुणीतरी भरलेले आहेत.

शुल्क पोर्टलवर दिसायला कधी काही मिनिटं लागतात, कधी चार-पाच कामाचे दिवस. मग पुन्हा Link Aadhaar, पुन्हा तेच दोन क्रमांक, Validate. या वेळी भरणा पडताळला गेला आहे, पुढे जा, असा संदेश येतो. नंतरच्या फॉर्ममध्ये आधारवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमानं नाव घाला. आधारवर ‘देशपांडे सुनंदा रमेश’ असं आडनाव आधी असेल तर तसंच. आधारवर फक्त जन्मवर्ष असेल तर त्याची खूण करा. आधार पडताळणीला संमतीची खूण करा आणि Link Aadhaar दाबा. सहा अंकी ओटीपी तुम्ही या फॉर्ममध्ये दिलेल्या मोबाइलवर येतो. आईच्या आधारला जोडलेला क्रमांक बंद पडलेला असला तरी या पायरीला अडत नाही, तुमचा स्वतःचा मोबाइल चालेल. पुढे विवरणपत्राची पडताळणी आधार ओटीपीनं करायची असेल तर मात्र आधारचा मोबाइल लागतो. तो बंद असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. त्यासाठी आईला स्वतः जावं लागेल.

ओटीपी दिल्यावर विनंती यूआयडीएआयकडे, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेकडे, पडताळणीला पाठवली, असा संदेश येतो. यालाही जोडणी झाली असं समजू नका. दोन-चार दिवसांनी Link Aadhaar Status मध्ये क्रमांक घालून बघा. तिथे तीनपैकी एक उत्तर मिळतं: जोडलेलं नाही, पडताळणीत आहे, किंवा या आधारला आधीच जोडलेलं आहे. तिसरं उत्तर आलं की जोडणी झाली. पण पॅन चालू होणं ही त्याच्यानंतरची गोष्ट आहे, तिला विनंतीच्या तारखेपासून ३० दिवसांपर्यंत लागतात. म्हणून ‘लिंक झालंय’ हा स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या दिवशी बँकेत गेलात तर तिथल्या पडद्यावर पॅन अजून निष्क्रियच दिसेल. मगाशी सांगितलेल्या Verify PAN Status वर निष्क्रियतेचा उल्लेख गेला की मगच जा.

नाव दुरुस्त करूनही विनंती नाकारली गेली, तर पुन्हा हजार भरू नका. तेच चलन चालतं. कुठली माहिती जुळली नाही ते संदेशात असतं, ते सुधारून परत विनंती करा. सगळं अक्षरशः सारखं असूनही जमत नसेल, तर प्रोटीन आणि यूटीआयआयटीएसएलच्या ठरावीक केंद्रांवर बोटांचे ठसे देऊन जोडणी करायची सोय आहे. प्रत्येक गावातल्या पॅन केंद्रात ती नसते, जाण्याआधी फोन करून विचारा.

नवीन पॅन काढू का, असं तुम्ही विचारलंत. हा मार्ग मोहात पाडतो, कारण आधारवरून ई-पॅन काही मिनिटांत निघतं आणि आईच्या जुन्या पॅनला आधार जोडलेलं नसल्यामुळे यंत्रणा अडवेलच असं नाही. पण एका माणसाला एकच पॅन ठेवता येतं. दुसरं घेतलं तर कलम २७२बी खाली १०,००० रुपये दंड होऊ शकतो. त्याहून त्रासाचं म्हणजे नव्या पॅनला आधार चिकटतं आणि जुनं कायमचं उपाशी राहतं. एफडी, टीडीएस, जुनी विवरणपत्रं सगळं जुन्या क्रमांकावर. मग जोडायला गेलात की हे आधार दुसऱ्या पॅनला जोडलेलं आहे असं उत्तर येतं, आणि प्रकरण तुमच्या विभागाच्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे जातं. त्याच्याकडे अर्ज करून, कोणतं पॅन ठेवायचं ते कळवून, दुसरं परत करायचं, आधार सोडवून घ्यायचं, आणि मग पहिल्यापासून सुरुवात. आईच्या नावावर घरातल्या कुणी आधीच असं ई-पॅन काढून ठेवलेलं नाही ना, हेही विचारून घ्या. एखादं सिमकार्ड किंवा कर्जाचं ॲप घेताना मुलं परस्पर काढतात.

पैशांकडे येऊ. तीन तिमाहींचे २१,००० कापले गेलेत. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २१ जुलै २०२५ च्या परिपत्रकानुसार, १ ऑगस्ट २०२५ पासून पुढे दिलेल्या किंवा जमा केलेल्या रकमेच्या बाबतीत, त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिन्यांत पॅन चालू झालं तर चढा दर न लावल्याबद्दल कापणाऱ्याला जबाबदार धरलं जात नाही. डिसेंबरच्या व्याजासाठी ही तारीख फेब्रुवारीअखेर येते. पण हे परिपत्रक नीट वाचा. ते बँकेला संरक्षण देतं, कापलेले पैसे परत द्यायला लावत नाही. एकदा सरकारजमा झालेला टीडीएस बँक सहसा परत करत नाही. तेव्हा फेब्रुवारीअखेरच्या तारखेमागे जीव काढू नका. तुमच्या दृष्टीनं खरी तारीख मार्चच्या व्याजाची आहे. त्याच्या आत पॅन चालू झालं आणि त्याच दिवशी १५एच दिलात, तर मार्चचे ७,००० वाचतील. आज नावाच्या दुरुस्तीचा अर्ज केलात तर हे जमण्यासारखं आहे, पण पंधरा दिवस घालवलेत तर नाही.

२१,००० मात्र विवरणपत्रातूनच येतील. आईचं दुसरं करपात्र उत्पन्न नसेल तर १,४०,००० व्याजावर तिला कर शून्य आहे आणि सगळी रक्कम परतावा म्हणून मिळते. आर्थिक वर्ष २०२५-२६ चं विवरणपत्र एप्रिलनंतर, ३१ जुलै २०२६ पर्यंत भरा. तोवर पॅन चालू झालेलं असलं पाहिजे. पॅन निष्क्रिय असताना भरलंत तर विवरणपत्र जाईल, परतावा बाहेर पडणार नाही. त्याआधी एक गोष्ट तपासा. आईच्या लॉगिनमधून फॉर्म २६एएस उघडून बँकेनं कापलेले सात-सात हजार दिसतात का बघा. डिसेंबर तिमाहीचं पत्रक बँक ३१ जानेवारीपर्यंत भरते, त्यामुळे ती नोंद फेब्रुवारीत दिसेल. काही शाखा पॅन निष्क्रिय दिसलं की टीडीएस ‘पॅन उपलब्ध नाही’ म्हणून दाखवतात. तसं झालं असेल तर २६एएसमध्ये काहीच येत नाही आणि पैसे सरकारकडे आहेत पण कुणाचे ते कळत नाही, अशी अवस्था होते. बँकेला लेखी अर्ज देऊन आईचा पॅन क्रमांक घालून पत्रक दुरुस्त करून घ्या. हे काम शाखेतून होत नाही, त्यांच्या टीडीएस विभागाकडे जातं, म्हणून अर्जाची पोच घ्या.

तुम्ही या वर्षाचंच सांगितलंत, पण पॅन जुलै २०२३ पासून निष्क्रिय आहे. म्हणजे २०२३-२४ मध्ये जुलैनंतर आणि २०२४-२५ मध्येही २० टक्क्यांनी कापलं असण्याची शक्यता आहे. त्या वर्षांची विवरणपत्रं भरली नसतील तर साधी मुदत आता संपली, आणि नंतर भरता येणारं अद्ययावत विवरणपत्र परतावा मागायला चालत नाही. अशा वेळी कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज आयकर आयुक्तांकडे करता येतो, त्या करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत. कारण खरं लिहा: वय, लग्नानंतरचं नाव न जुळणं, कर शून्य असणं. व्याज तेवढंच असेल तर पूर्ण वर्षाचे २८,००० होतात, तेव्हा हा अर्ज करण्यासारखा आहे. त्यावरचं व्याज निष्क्रिय काळापुरतं मिळणार नाही, ते सोडून द्या. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. मी वर दिलेले सगळे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत आणि या जुन्या वर्षांना तेच लागू राहतील.

भावाची गोष्ट वेगळी आहे. आयकर कायद्यानुसार अनिवासी असलेल्या आणि आधार नसलेल्या व्यक्तीला ही सक्तीच नाही. हीच सवलत ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना, भारताचे नागरिक नसलेल्यांना आणि आसाम, मेघालय, जम्मू-काश्मीरच्या रहिवाशांनाही आहे, आधार नसेल तर. मग त्याचं पॅन निष्क्रिय का? कारण तो अनिवासी आहे हे खात्याच्या नोंदीत नाही. ज्यांनी आधीच्या तीन वर्षांत अनिवासी म्हणून विवरणपत्र भरलं होतं त्यांची नोंद आपोआप झाली. त्यानं दुबईला गेल्यापासून विवरणपत्रच भरलं नसेल, किंवा सवयीनं निवासी म्हणून भरत असेल, तर खात्याला तो इथलाच वाटतो. त्यानं हजार रुपये भरू नयेत. पोर्टलवर Know Your AO मध्ये स्वतःचा कर निर्धारण अधिकारी शोधावा आणि पॅनची प्रत, पासपोर्टची सगळी शिक्के असलेली पानं आणि यूएईचा रहिवासी व्हिसा जोडून निवासी स्थिती बदलण्याचा अर्ज करावा. त्याच्याकडे आधार असेल तर हा मार्ग बंद आहे, त्यानं आईसारखंच शुल्क भरून जोडणी करावी. सुट्टीवर आला असताना हौसेनं काढून ठेवलेलं आधार अनेकांकडे असतं, तेव्हा आधी त्याला तेवढं विचारा.